फिरत्या चकतीवर घसरणारं नाणं: स्पर्शरेषेने जातं की त्रिज्येने?

प्रश्न: सर, टर्नटेबलवर नाणं ठेवून स्पीड वाढवला की ते घसरतं. बारावीत शिकलो की ते स्पर्शरेषेने सुटतं. पण चकतीबरोबर फिरणाऱ्या माणसाला म्हणे सेंट्रीफ्यूगलमुळे ते त्रिज्येने बाहेर जाताना दिसतं. मग मध्येच कोरिऑलिस कुठून येतो आणि नाणं मागे का वळतं? आणि घर्षणाची दिशा नक्की कुठली, आत की मागे? तिन्ही गोष्टी एकत्र डोक्यात बसत नाहीयेत.

उत्तर:

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे अर्धा गुंता तिथेच सुटेल. घसरणारं नाणं स्पर्शरेषेने जात नाही. स्पर्शरेषेने जाण्यासाठी घर्षण पूर्ण संपायला हवं, आणि नाणं घसरायला लागलं म्हणून घर्षण संपत नाही, फक्त स्थितिक घर्षणाच्या जागी गतिज घर्षण येतं जे साधारण थोडंसंच कमी असतं. पुस्तकातलं वाक्य दोरी तुटलेल्या दगडासाठी बरोबर आहे, तेच नाण्याला चिकटवलं की गोंधळ होतो. मी गेली बरीच वर्षं हा प्रयोग फर्स्ट इयरच्या पोरांकडून करून घेतोय आणि जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी चकतीवर सरळ स्पर्शरेषा काढून ठेवतं आणि मग नाणं त्या रेषेच्या जवळपासही का फिरकत नाही म्हणून विचारतं.

आपण एकच केस घेऊ आणि शेवटपर्यंत तीच धरू. २० सेमी त्रिज्येची प्लायची चकती, वर सनमायका, खाली स्पीड कंट्रोल असलेली मोटर. वरून पाहिलं तर चकती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. केंद्रापासून १० सेमीवर एक रुपयाचं नाणं. नाणं आणि सनमायका यांच्यात स्थितिक घर्षणांक ०.३० आणि गतिज ०.२५ धरू. हे आकडे हवेतले नाहीत, तुझ्याकडे वेगळे येतील पण मोजणं सोपं आहे: तीच फळी एका बाजूने हळूहळू उचलायची, नाणं ज्या कोनाला सुटतं त्याचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणांक, ०.३० साठी तो कोन साधारण १६.७ अंश येतो. मग कोन थोडा कमी करून फळीला हलकी टिचकी मारायची, ज्या कोनाला नाणं टिचकीनंतर एकसारख्या वेगाने सरकत राहतं त्याचा टॅन म्हणजे गतिज, ०.२५ साठी १४ अंश.

आता चकतीवर बसू, म्हणजे चकतीबरोबर फिरणारी फ्रेम घेऊ. या फ्रेममध्ये नाणं स्वस्थ बसलंय. तरी त्याच्यावर केंद्राच्या दिशेने घर्षण आहे, मग ते आत का सरकत नाही? न्यूटनचा हिशोब जुळवायचा तर बाहेरच्या दिशेने `m ω² r` एवढं बल धरावं लागतं, हेच सेंट्रीफ्यूगल म्हणजे अपकेंद्री बल. ते कोणी लावत नाही, कुठला दोरा नाही, स्प्रिंग नाही, चुंबक नाही, त्याची प्रतिक्रिया कुठल्या दुसऱ्या वस्तूवर सापडत नाही. आपण निवडलेली फ्रेम फिरते आहे त्याची ती नोंद आहे. म्हणून त्याला छद्म बल म्हणतात. पण छद्म म्हणजे खोटं समजू नकोस, त्या फ्रेममध्ये बसून हिशोब करायचा असेल तर ते घ्यावंच लागतं आणि उत्तर अगदी खरं येतं.

नाणं कधी सुटेल? जेव्हा अपकेंद्री बल घर्षणाच्या कमाल मर्यादेएवढं होईल, म्हणजे `ω² r = μs g`. वस्तुमान दोन्हीकडे असल्याने कटतं, त्यामुळे एक रुपया ठेव की पाच रुपये, पृष्ठभाग सारखा असेल तर त्याच स्पीडला सुटतील. आपल्या आकड्यांत उजवी बाजू ०.३० × ९.८१ म्हणजे २.९४ मीटर प्रति सेकंद वर्ग, r ०.१० मीटर, तर ω येतो ५.४२ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ५२ फेरे. यावरून जुन्या रेकॉर्ड प्लेअरचाही अंदाज येतो. ३३⅓ च्या स्पीडला असं नाणं सुटायला केंद्रापासून २४ सेमी लागतील आणि एलपीची त्रिज्याच १५ सेमी, म्हणून त्या स्पीडला नाणं कुठेही ठेवलं तरी ढिम्म बसतं. ७८ ला मात्र साडेचार सेमीच्या पलीकडे ठेवलेलं काही टिकत नाही.

इथे आपण मोटरचा स्पीड ५२ वर स्थिर करतो आणि नाणं नुकतंच सुटलंय. त्या क्षणी चकतीच्या फ्रेममध्ये नाण्याचा वेग शून्य आहे. बाहेरच्या दिशेने २.९४, आणि आता गतिज घर्षण लागू झाल्यामुळे आतल्या दिशेने फक्त २.४५. उरतात ०.४९ मीटर प्रति सेकंद वर्ग, त्रिज्येच्या दिशेने, बाहेर. म्हणजे चकतीवरच्या माणसाला नाणं पहिल्या क्षणी खरंच त्रिज्येने बाहेर सरकताना दिसतं, तुझं ऐकलेलं वाक्य इतकं बरोबर आहे. पण ते फक्त पहिल्या क्षणापुरतं. नाण्याला वेग आला रे आला की तिसरा हिशोब सुरू होतो.

तो तिसरा हिशोब म्हणजे कोरिऑलिस. फिरत्या फ्रेममध्ये जी वस्तू हलते आहे तिच्यावरच तो येतो, मापाने `2 m ω v`, आणि दिशा नेहमी वेगाला काटकोनात. चकती घड्याळाच्या उलट फिरत असेल तर नाणं ज्या दिशेला चाललंय त्याच्या उजव्या हाताला. फ्रान्सच्या गास्पार-ग्युस्ताव कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये हे मांडलं आणि त्यांच्या डोक्यात वारे-वादळं नव्हती, फिरणारी यंत्रं आणि पाणचक्क्या होत्या, म्हणजे आपली चकती त्यांच्या मूळ विषयाच्या जास्त जवळची आहे.

आता तो २ कुठून आला हे कळलं की कोरिऑलिस पाठ करावा लागत नाही. थोडा वेळ जमिनीवर उभं राहून बघ. समज नाण्याला चकतीवरच्या एका त्रिज्येवर, त्या रेषेवरून जराही न ढळता, v वेगाने बाहेर जायचंय. त्यासाठी फिरण्याच्या दिशेने त्याला त्वरण लागेल, आणि ते दोन कारणांनी. एक, ती त्रिज्या स्वतः वळते आहे म्हणून नाण्याच्या बाहेर जाणाऱ्या वेगाची दिशा सतत वळवावी लागते, त्याला `ω v`. दोन, बाहेर गेल्यावर चकतीची जागाच जास्त जोरात फिरते, १० सेमीवर वेग ०.५४ मीटर प्रति सेकंद तर २० सेमीवर दुप्पट, मग नाण्यालाही तो वेग पकडायला हवा, त्याला आणखी एक `ω v`. दोन्ही मिळून `2 ω v`. हे पुढे ढकलणारं त्वरण कोणी पूर्ण पुरवलं नाही तर नाणं त्या रेषेच्या मागे पडतं, आणि चकतीवरच्या माणसाला वाटतं की कोणीतरी त्याला मागे ओढलं. बाहेरून बघणाऱ्याच्या दृष्टीने पुढे ढकलण्यात कमी पडलं, आतून बघणाऱ्याच्या दृष्टीने मागे ओढलं गेलं, घटना एकच.

हे खरंच जुळतं का याची एक कडक चाचणी आहे, ती मी सगळ्यांना करायला लावतो कारण ती न करता लोक सेंट्रीफ्यूगल लावतात आणि कोरिऑलिस विसरतात. समज चकती पूर्ण गुळगुळीत आहे, घर्षण शून्य, आणि नाणं जमिनीच्या दृष्टीने जागच्या जागी आहे, खालून चकती फिरते आहे. त्याच्यावर आडवं काहीच बल नाही. पण चकतीवरच्या माणसाला ते नाणं उलट्या दिशेने वर्तुळात गरगर फिरताना दिसतं! वर्तुळात फिरायचं तर आतल्या दिशेने `m ω² r` हवं. त्याच्याकडे सेंट्रीफ्यूगल आहे पण ते बाहेरच्या दिशेला आहे, नुसत्या त्याने तर नाणं बाहेर पळायला हवं. मग कोरिऑलिस मोज: वेग `ω r`, म्हणून बल `2 m ω² r`, आणि उजव्या हाताचा नियम लावला तर दिशा आत. आत दोन, बाहेर एक, उरलं आत एक. तंतोतंत. दोन्ही छद्म बलं एकाच पॅकेजमध्ये येतात, एक घेऊन दुसरं सोडलं की उत्तर चुकणारच.

आता स्पर्शरेषेचा मुद्दा. घर्षण एकदम शून्य झालं असं एक क्षण धर, म्हणजे पुस्तकातली केस. जमिनीवरून नाणं सरळ स्पर्शरेषेने ०.५४ मीटर प्रति सेकंदाने जातं. चकतीवर त्याची वाट कशी दिसेल? रिळाला गुंडाळलेला दोरा ताठ धरून उलगडत गेलं की दोऱ्याचं टोक जी वाट काढतं, अगदी तीच, गणितात तिला इन्व्हॉल्यूट म्हणतात. ती वाट सुरुवातीला वर्तुळाला काटकोनात, म्हणजे त्रिज्येनेच निघते आणि मग मागे वळत जाते. सुरुवातीच्या थोड्या वेळात बाहेर सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं आणि मागे पडणं वेळेच्या घनाने, म्हणून पहिल्या क्षणी मागे पडणं दिसतच नाही. म्हणजे "स्पर्शरेषेने" आणि "त्रिज्येने" यांच्यात भांडण नव्हतंच, एक जमिनीवरून पाहिलेलं आणि एक चकतीवरून, आणि दुसरं फक्त सुरुवातीपुरतं. आपल्या चकतीत असं बिनघर्षणाचं नाणं ०.३२ सेकंदात कडेला पोचलं असतं, तेवढ्यात चकती ९९ अंश फिरली असती आणि नाणं ६० अंश पुढे गेलं असतं, म्हणून चकतीवर ते ३९ अंश मागे पडलेलं दिसलं असतं.

आता खऱ्या नाण्याकडे परत ये, घर्षण ०.२५ वालं. इथे तुझा तिसरा प्रश्न येतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. घर्षणाची दिशा ना केंद्राकडे ना नुसती मागे. घसरायच्या आधी ती केंद्राकडे होती कारण स्थितिक घर्षण जेवढं आणि जिकडे लागेल तेवढं आणि तिकडे मिळतं. घसरायला लागल्यावर ती निवड संपते. माप ठरलेलं, `μk m g`, आणि दिशा एकच, नाणं चकतीच्या पृष्ठभागावर ज्या दिशेला सरकतंय त्याच्या बरोबर उलट. पृष्ठभागावर म्हणजे चकतीच्या फ्रेममधला वेग, जमिनीवरून दिसणारा नाही. म्हणूनच हा प्रॉब्लेम फिरत्या फ्रेममध्ये सोपा जातो, घर्षणाला चकतीच्याच फ्रेमची भाषा कळते.

जमिनीवरून सोडवणारे नेमके इथे फसतात. ते नाण्याचा जमिनीवरचा वेग काढतात, तो मुख्यतः फिरण्याच्या दिशेने पुढे असतो, आणि "घर्षण गतीला विरोध करतं" म्हणून घर्षण मागे दाखवतात. उत्तर पूर्ण उलटं येतं. नाणं चकतीवर बाहेर आणि मागे सरकतंय, म्हणून घर्षण आत आणि पुढे आहे. ते पुढे असल्यामुळेच जमिनीवरून पाहिलं तर नाण्याचा वेग वाढत जातो! फिरत्या चकतीवरचं घर्षण नाण्याला पळवतं, आणि ती ऊर्जा मोटरकडून येते.

चकतीच्या फ्रेममध्ये लिहिलं तर x, y चकतीवर आखलेले अक्ष, सगळं मिळून असं होतं:

`ax = ω² x + 2 ω vy − μk g vx / v`

`ay = ω² y − 2 ω vx − μk g vy / v`

पहिली संज्ञा अपकेंद्री, दुसरी कोरिऑलिस, तिसरी घर्षण. कागदावर नीट सूत्रात सुटत नाही कारण घर्षणाच्या संज्ञेत v खाली बसलाय, पण छोट्या छोट्या पावलांनी पुढे सरकत गेलं की काही सेकंदांत उत्तर मिळतं. पायथॉन असेल तर हे पुरे:

```python
import math
w, f, dt = 5.42, 0.25*9.81, 0.0001
x, y, vx, vy, t = 0.10, 0.0, 1e-6, 0.0, 0.0
while math.hypot(x, y) < 0.20:
    v = math.hypot(vx, vy)
    ax = w*w*x + 2*w*vy - f*vx/v
    ay = w*w*y - 2*w*vx - f*vy/v
    vx += ax*dt
    vy += ay*dt
    x += vx*dt
    y += vy*dt
    t += dt
print(t, math.degrees(math.atan2(y, x)))
```

वेगाची सुरुवात शून्याऐवजी `1e-6` ठेवलीये ती मुद्दाम, नाहीतर पहिल्याच पावलाला शून्याने भागाकार होतो.

काय होतं ते सांगतो. पहिल्या ०.१८ सेकंदात, म्हणजे चकती एक रेडियन फिरेपर्यंत, नाणं जेमतेम ८-९ मिलिमीटर सरकतं, अगदी आळसाने, कारण उरलेलं बल फक्त ०.४९ चं होतं. वेग १० सेमी प्रति सेकंदाच्या आसपास, तेव्हा कोरिऑलिसचं त्वरण साधारण १ आणि अपकेंद्री ३.२. म्हणजे अजून सेंट्रीफ्यूगलचंच राज्य आहे आणि वाट जवळजवळ त्रिज्येवर आहे. पण जसं नाणं बाहेर जातं तसं r वाढतो, अपकेंद्री वाढतं, घर्षण मात्र तेवढंच राहतं, म्हणून वेग भराभर वाढतो आणि त्याच्याबरोबर कोरिऑलिस. कडेला पोचताना नाण्याचा चकतीवरचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंदाच्या थोडा वर असतो, अपकेंद्री ५.९ आणि कोरिऑलिस ५.७. दोघं बरोबरीला आले! आणि नाणं चकतीवरून सुटताना त्या जागेच्या त्रिज्येशी साधारण ४५ अंश मागे तोंड करून सुटतं.

एकूण वेळ साधारण ०.६ सेकंद. तेवढ्यात चकती जवळपास अर्धा फेरा फिरली, आणि नाणं चकतीवरच्या आपल्या मूळ त्रिज्येपासून फक्त २५ अंशांच्या आसपास मागे पडलं. हे २५ बिनघर्षणाच्या ३९ पेक्षा कमी आहेत, दुप्पट वेळ मिळूनसुद्धा, कारण घर्षण मागे सरकण्यालाही अडवतं आणि नाण्याला चकतीबरोबर ओढत नेतं. जमिनीवरून बघितलं तर नाणं १८० मधून २५ गेले, म्हणजे दीडशे-एकशेसाठ अंशांचा वळसा घालत सर्पिल वाटेने कडेला गेलं. सरळ स्पर्शरेषा कुठेच नाही! आणि त्याचा जमिनीवरचा वेग सुटताना ०.५४ होता तो कडेला ०.८ झाला. स्पर्शरेषा येते ती यानंतर, चकतीची कड सोडून नाणं हवेत गेल्यावर, आणि तीसुद्धा चकतीची स्पर्शरेषा नव्हे, नाण्याच्या स्वतःच्या वाटेची.

ऊर्जेने एकदा पडताळून घे, उत्तर बरोबर आलं की नाही ते लगेच कळतं. कोरिऑलिस वेगाला नेहमी काटकोनात असल्याने तो काही कार्य करत नाही, वाट वाकवतो पण वेगाचं माप बदलत नाही. म्हणून चकतीच्या फ्रेममध्ये `v²/2 = ω² (r² − R²)/2 − μk g s`, इथे R म्हणजे नाणं जिथून सुटलं ते १० सेमी अंतर आणि s म्हणजे चकतीवरच्या वाकड्या वाटेची लांबी. कडेला पहिली संज्ञा येते ०.४४, s साधारण १२ सेमी म्हणून घर्षणाने खाल्ले ०.३०, उरले ०.१४, वेग ०.५ च्या थोडा वर. जुळलं. तुझ्या प्रोग्राममध्ये कोरिऑलिसचं चिन्ह एका ओळीत चुकलं असेल तर हा हिशोब जुळणार नाही, लगेच पकडता येईल. पण दोन्ही ओळींत उलटं झालं असेल तर हा हिशोब छान जुळतो आणि नाणं मागे पडण्याऐवजी चकतीच्या पुढे पळतं, ती चूक फक्त वाट काढून बघितल्यावर दिसते.

प्रत्यक्षात बघायचं कसं? चकतीवर काळा चार्ट पेपर चिकटवून टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर दिला की नाणं घसरताना जो माग सोडतं तो आपोआप फिरत्या फ्रेममधला मार्ग असतो, कारण कागद चकतीबरोबर फिरतोय. मात्र घर्षणांक मग कागद-पावडरचा येतो, तो त्याच कागदावर परत मोजावा लागतो, सनमायकाचा चालत नाही. दुसरं म्हणजे वर स्टँडला मोबाईल लावून स्लो-मोशन, सेकंदाला २४० फ्रेम असतील तर ०.६ सेकंदात १४४ फोटो मिळतात, भरपूर झाले. कॅमेरा जमिनीवर स्थिर आहे म्हणून त्यात सर्पिल वाट दिसेल, चकतीवर एक पांढरी त्रिज्या आखून ठेवली तर प्रत्येक फ्रेममध्ये त्या रेषेपासून नाण्याचा कोन मोजून चकतीवरची वाटही त्याच व्हिडिओतून काढता येते. एका व्हिडिओत दोन्ही फ्रेम मिळतात म्हणून मला हीच पद्धत आवडते.

आता कुठे बिघडतं ते. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते स्पीड झटक्यात वाढवल्याने. ω बदलत असताना फिरत्या फ्रेममध्ये आणखी एक छद्म बल असतं, ऑयलर बल, माप `m r (dω/dt)`, दिशा फिरण्याच्या उलट. चकती ०.३ सेकंदात शून्यावरून ५.४२ ला नेली तर १० सेमीवर ते त्वरण १.८ होतं. ते अपकेंद्रीला काटकोनात असल्याने दोघांची बेरीज वर्गमुळाने करायची, आणि मग नाणं ५२ ऐवजी ४६ फेऱ्यांनाच सुटतं, तेही त्रिज्येने नाही तर सुरुवातीपासूनच मागे तिरकं. बऱ्याच जणांना हा तिरकेपणा कोरिऑलिस वाटतो, तो नाही, कारण वेग अजून शून्य आहे. फरक ओळखायचा सोपा मार्ग आहे: माग सुरू होताना त्रिज्येशी कोन असेल तर ऑयलर, त्रिज्येनेच सुरू होऊन मग वळला तर कोरिऑलिस. मी नॉब दहा-पंधरा सेकंद घेऊन फिरवायला लावतो, मग ऑयलर नगण्य होतं.

दुसरं टेबल समपातळीत नसणं. एक अंश जरी उतार असला तरी गुरुत्वाचा ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा भाग आडवा येतो, आणि आपल्याकडे सुटताना उरलेलं बलच ०.४९ चं आहे, म्हणजे एक तृतीयांश गडबड. एकदा आम्ही अख्खी दुपार घालवली, नाणं कधी ५० ला सुटायचं कधी ५१ ला, आणि पोरं घर्षणांकाला दोष देत होती. मग प्रत्येक वेळी नाणं खोलीच्या कुठल्या बाजूला असताना सुटतं ते लिहायला लावलं तर दर वेळी खिडकीकडे असतानाच! टेबलाचा त्या बाजूचा पाय आखूड होता. हा नियम लक्षात ठेव: नाणं नेहमी खोलीच्या एकाच दिशेला सुटत असेल तर टेबल तिरकं आहे, आणि नेहमी चकतीवरच्या एकाच खुणेजवळ ठेवल्यावर लवकर सुटत असेल तर चकतीची ती जागा खराब आहे, तेलकट किंवा फुगलेली. स्पिरिट लेव्हल ठेवायची आणि चकती हाताने पाव-पाव फेरा फिरवून चारही वेळा बघायची.

शेवटी या हिशोबाची मर्यादा. आपण नाणं बिंदू धरलं. एक रुपयाच्या नाण्याची त्रिज्या १.१ सेमीच्या आसपास, म्हणजे १० सेमीच्या मानाने अगदी लहान नाही. बसलेलं असताना ते जमिनीच्या दृष्टीने स्वतःभोवतीही त्याच ω ने फिरत असतं, घसरू लागल्यावर त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेखालचं घर्षण सारखं नसतं म्हणून ते चकतीवर किंचित गोल वळू शकतं, विशेषतः सुरुवातीला जेव्हा सरकण्याचा वेग कमी असतो. नाण्यावर पेनाने एक रेघ मारली तर व्हिडिओत ते दिसतं. शिवाय गतिज घर्षणांक वेगाबरोबर थोडा बदलतो आणि धूळ, हाताचा घाम यांनी तर बराच बदलतो, नाणं आणि पृष्ठभाग दोन्ही स्पिरिटने पुसून घ्यायचे आणि दर पाच-सहा वाचनांनी परत. आणि μs, μk मधला फरक जितका कमी तितकं सुरुवातीचं उरलेलं बल कमी, म्हणून कडेला पोचायचा वेळ त्या फरकावर फार अवलंबून असतो. μk ०.२५ ऐवजी ०.२८ टाकून वरचा प्रोग्राम परत चालव, नाणं किती जास्त वेळ रेंगाळतं ते दिसेल. म्हणून तुझं मोजमाप आणि गणित वेळेत जुळलं नाही तर आधी μk परत मोज, वाटेचा आकार जुळतोय का ते त्यानंतर बघ.